आधी आदेश मागा, मग पुनर्मूल्यांकन

आदरणीय महोदय,
मी पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तृतीय वर्षाला आहे. सहाव्या सत्राचा निकाल संकेतस्थळावर लागला तेव्हा मी सर्व सहा विषयांत उत्तीर्ण होते. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर सहाही विषयांपुढे गुणांऐवजी ‘रद्द’ असा शेरा आला आहे. मला एकही नोटीस आलेली नाही. महाविद्यालय म्हणते की विद्यापीठाला विचारा, आणि विद्यापीठातील खिडकीवर सांगतात की महाविद्यालयामार्फत या. परीक्षेत माझ्याविरुद्ध काहीही घडले नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या केंद्रावरील इतर कोणाचाही निकाल बदललेला नाही. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत चार दिवसांत संपते आणि एम.एस्सी.चा प्रवेश तोंडावर आला आहे. विद्यापीठाला पत्र लिहायचे आहे. त्यात नेमके काय लिहावे आणि कोणाच्या नावे लिहावे?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आणि कारणे मागणारे पत्र हे दोन निराळे कागद आहेत. ते दोन निराळ्या टेबलांवर जातात आणि त्यांचे नियमही निराळे आहेत. तुमच्या स्थितीतील बहुतेक विद्यार्थी दोन्ही मागण्या एकाच पत्रात कालवतात. मग परीक्षा विभाग त्यातील सोपी मागणी उचलतो, ‘विहित नमुन्यात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा’ असे एका ओळीत कळवतो आणि कारणांचा प्रश्न तिथेच मिटवतो. पुनर्मूल्यांकन म्हणजे आधी दिलेल्या गुणांची दुसऱ्या परीक्षकाकडून होणारी फेरतपासणी. तुमच्या गुणपत्रकात आज गुणच उरलेले नाहीत. जो निर्णय तुमच्या आड आला आहे तो परीक्षकाचा नाही, प्रशासनाचा आहे, आणि उत्तरपत्रिका दहा वेळा तपासली तरी तो निर्णय हलणार नाही. म्हणून पत्राचा रोख त्या निर्णयावर ठेवा.

तरीही चार दिवसांची मुदत हातची जाऊ देऊ नका. छायाप्रतीचा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा, शुल्काची पावती ठेवा आणि अर्जासोबत एका ओळीचे निवेदन जोडा की निकाल रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्धचे सर्व हक्क राखून हा अर्ज केला आहे. ऑनलाइन प्रणाली ‘रद्द’ शेऱ्यामुळे अर्जच स्वीकारत नसेल, तर त्या पडद्याचे तारीख-वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या आणि तोच अर्ज कागदावर लिहून मुदतीच्या आत आवक विभागात द्या. पुढे मुदत उलटल्याचा आक्षेप आला की उपयोगी पडतो तो हाच कागद.

पत्र लिहिण्यापूर्वी शेऱ्याकडे नीट पाहायला हवे, कारण निकाल राखून ठेवणे आणि निकाल रद्द करणे यांत मोठे अंतर आहे. पात्रता निश्चित झालेली नसणे, मागील सत्राचा विषय राहिलेला असणे, अंतर्गत गुण महाविद्यालयाकडून न येणे अशा कारणांनी निकाल बहुधा राखून ठेवला जातो. कागद पूर्ण झाले की तो मोकळा होतो आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात एक फेरी पुरेशी असते. बारकोड किंवा बैठक क्रमांकाचा गोंधळ असेल तर तो सहसा एखाद्या विषयात दिसतो. तुमच्या बाबतीत आधी लागलेला निकाल काढून घेतला आहे आणि सहाही विषयांची कामगिरी एकदम पुसली आहे. एका सत्राची संपूर्ण कामगिरी रद्द करणे ही गैरप्रकाराच्या प्रकरणांत दिली जाणारी नेहमीची शिक्षा आहे. म्हणजे एखाद्या उत्तरपत्रिकेबद्दल पर्यवेक्षकाचा किंवा तपासणी केंद्रातील परीक्षकाचा अहवाल गेला असावा, दोन उत्तरपत्रिकांतील मजकूर सारखा आढळला असावा, किंवा उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी खूण सापडली असावी. हा माझा तर्क आहे आणि तो मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे, कारण पत्रात तुम्ही असा कोणताही तर्क करायचा नाही.

‘मी कॉपी केलेली नाही’ हे वाक्य विद्यार्थी हमखास लिहितात आणि माझ्या मते पत्रातील सर्वांत महागडे वाक्य तेच असते. तुमच्यावर कोणी आरोप लेखी ठेवलेलाच नाही. तो ठेवणे आणि सिद्ध करणे हे विद्यापीठाचे काम आहे. न केलेल्या आरोपाला उत्तर दिले की उद्या फाइलवर टिपणी येते की विद्यार्थिनीला आरोपाची कल्पना होती आणि तिने आपले म्हणणे मांडले आहे, म्हणजे तिला संधी मिळाली. कारणे कळवा, कागद दाखवा, मग माझे म्हणणे ऐका, एवढाच क्रम पत्रात धरा. घरची परिस्थिती, आईवडिलांचे कष्ट आणि मनस्ताप हे सारे खरे असले तरी या पत्रात नको. ते वाचणारा लिपिक कदाचित हळहळेल, पण त्याच्या टिपणीत त्यातले काहीच उतरणार नाही.

आता कायद्याची बाजू, आणि ती तुमच्याकडे चांगलीच झुकलेली आहे. उत्तर प्रदेशात 1954 साली इंटरमीजिएट परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल तेथील परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या कारणाने नंतर रद्द केले होते आणि त्याआधी त्यांना म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती. मंडळाच्या नियमांत सुनावणीचा उल्लेख नव्हता, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली घनश्याम दास गुप्ता यांच्या प्रकरणात तो फेटाळला. निकाल रद्द करणारी मंडळाची समिती विद्यार्थ्याच्या भवितव्यावर गंभीर परिणाम करणारा निर्णय देते, त्यामुळे तिचे काम न्यायनिवाड्यासारखे आहे आणि नियम मूक असले तरी विद्यार्थ्याला ऐकून घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने ठरवले. इतक्या वर्षांनंतरही निकाल रद्द होण्याच्या प्रकरणांत पहिला आधार याच निर्णयाचा घेतला जातो, आणि तुमची हकीकत तर त्या प्रकरणाशी फार जुळते.

या निर्णयाला एक मर्यादा आहे आणि ती तुम्हाला ठाऊक असायला हवी. बिहारमधील एका केंद्रावरील परीक्षाच मंडळाने सामुदायिक गैरप्रकारामुळे रद्द केली होती. त्या प्रकरणात 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द होते तेव्हा कोणा एकावर दोषारोप नसतो, म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी आवश्यक नाही. त्यामुळे ‘माझ्या माहितीप्रमाणे इतर कोणाचाही निकाल बदललेला नाही’ हे तुमचे वाक्य सर्वांत वजनदार आहे. तुमच्या वर्गखोलीत पुढेमागे बसलेल्या चौघापाच जणांना विचारून ते पक्के करा. निर्णय तुमच्या एकटीपुरता असेल तर सुनावणीचा हक्क ठाम आहे. तो अख्ख्या केंद्रापुरता असेल तर पत्राचा सूर बदलावा लागेल आणि फेरपरीक्षा केव्हा घेणार, हा प्रश्न पुढे आणावा लागेल.

पुनर्मूल्यांकनाच्या बाबतीत मात्र कायदा इतका उदार नाही. आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. विद्यापीठांच्या अध्यादेशांत ही तरतूद साधारणपणे असते, पण ती ज्या विषयांपुरती, ज्या मुदतीत आणि ज्या अटींवर असेल तेवढीच मिळते. म्हणून पत्रात पुनर्मूल्यांकन शेवटी आणि पर्यायी मागणी म्हणून यावे.

पत्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार परीक्षांचा कारभार या मंडळाकडे आहे आणि परीक्षेतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समितीही हेच मंडळ नेमते. प्रत कुलगुरूंना आणि प्राचार्यांना द्या. ‘महाविद्यालयामार्फत या’ असे खिडकीवर सांगितले म्हणून मूळ पत्र प्राचार्यांकडे देऊन वाट पाहत बसू नका. मूळ पत्र थेट द्या आणि प्राचार्यांनी अग्रेषित केलेली प्रत मागाहून जाऊ द्या. मसुदा साधारण असा असावा:

प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, …… विद्यापीठ, पुणे.

विषय: बी.एस्सी. सत्र सहाचा निकाल रद्द करण्याच्या निर्णयाची कारणे, संबंधित अभिलेख व सुनावणी मिळणेबाबत. (कायम नोंदणी क्रमांक ……, बैठक क्रमांक ……)

महोदय, वरील परीक्षेचा माझा निकाल दि. …… रोजी संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला व त्यात मी सर्व सहा विषयांत उत्तीर्ण होते (प्रत सोबत जोडली आहे). दि. …… रोजी त्याच ठिकाणी सहाही विषयांपुढे ‘रद्द’ असा शेरा आढळला (प्रत सोबत जोडली आहे). या निर्णयापूर्वी मला कोणतीही नोटीस, आरोपपत्र किंवा सुनावणीची संधी मिळालेली नाही आणि निर्णयानंतर कोणताही लेखी आदेश मिळालेला नाही. माझ्या माहितीप्रमाणे हा निर्णय माझ्या एकटीच्या बाबतीत झाला आहे.

तरी विनंती की निकाल रद्द करण्याचा कारणांसह लेखी आदेश, तो कोणत्या प्राधिकाऱ्याने अध्यादेशाच्या कोणत्या तरतुदीनुसार दिला याच्या तपशिलासह, मला देण्यात यावा. ज्या अहवालांच्या व कागदांच्या आधारे हा निर्णय झाला त्यांच्या प्रती आणि माझ्या सहाही उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मला मिळाव्यात. त्या मिळाल्यानंतर मला लेखी म्हणणे मांडण्यास वाजवी मुदत व प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, आणि तोपर्यंत निकाल रद्द करण्याच्या निर्णयास स्थगिती द्यावी. माझ्या उत्तरपत्रिका, त्यांचे स्कॅन, हजेरीपत्रक, बैठक व्यवस्था, पर्यवेक्षकांचे अहवाल व परीक्षा दालनातील सीसीटीव्ही चित्रण या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये. निकाल रद्द होण्याचे कारण तांत्रिक असल्यास दि. …… रोजीचा निकाल पूर्ववत करावा. कोणत्याही विषयाची उत्तरपत्रिका नव्याने तपासणे आवश्यक असल्यास मी मुदतीत केलेल्या पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाचा (पावती क्रमांक ……) विचार व्हावा. पुढील प्रवेशाची अंतिम मुदत दि. …… असल्याने दि. …… पर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती. आपली विश्वासू, ……

यात उत्तरपत्रिका नष्ट न करण्याची जी विनंती आहे ती लोकांना वायफळ वाटते, पण माझा सर्वांत जास्त आग्रह तिच्यासाठीच आहे. उत्तरपत्रिका ठरावीक काळ जपून नंतर रद्दीत काढल्या जातात आणि सीसीटीव्हीचे जुने चित्रण तर नव्या चित्रणाखाली त्याहून लवकर पुसले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली आदित्य बंदोपाध्याय यांच्या प्रकरणात विद्यार्थ्याला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. तो हक्कही उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच चालतो, हे त्याच निर्णयात स्पष्ट केले आहे. लेखी विनंती आवक झाल्यानंतर कागद नष्ट झाले, तर त्याचा जाब विद्यापीठाला द्यावा लागतो. पहिला निकाल तुम्ही छापून किंवा साठवून ठेवला नसेल तर महाविद्यालयाकडे विद्यापीठातून आलेली निकालाची सांख्यिकी किंवा गुणांची यादी असते. तुमच्या पानाची साक्षांकित प्रत प्राचार्यांकडून आजच घ्या, कारण तुम्ही उत्तीर्ण होता याचा दुसरा पुरावा कदाचित तोच असेल.

पत्र आवक-जावक विभागात द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या आणि तोच मजकूर ई-मेलनेही पाठवा. परीक्षा विभागातील एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हातात पत्र देऊन ‘बघतो’ असे ऐकून परत येणे म्हणजे पत्र न दिल्यासारखेच आहे. पुढची प्रत्येक मुदत त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजली जाते.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो आणि अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे. या अर्जात ‘माझा निकाल का रद्द केला’ असे विचारू नका. माहिती अधिकारी उपलब्ध कागद देतो, खुलासा करण्यास तो बांधील नसतो, आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न याच कारणाने नाकारला जातो. कागदच मागा: निकाल रद्द केल्याचा आदेश, त्यामागचा अहवाल, फाइलवरील टिपण्या, समितीच्या इतिवृत्तातील तुमच्यापुरता भाग आणि सहाही उत्तरपत्रिका. परीक्षकाचे नाव मागू नका, ते मिळत नाही. शिवाय ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला प्रशासकीय निर्णयाची कारणे सांगण्याचे कर्तव्य माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(घ) मध्येच आहे, त्याचा अर्जात एका वाक्यात उल्लेख करा. उत्तरासाठी 30 दिवस असतात. ते आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील 30 दिवसांत विद्यापीठातीलच प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

पत्राला उत्तर न येणे, ही शक्यताही धरून चला. पत्रात तुम्ही घातलेली तारीख उलटली की विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. निर्णय विद्यापीठाचा असल्याने महाविद्यालयाच्या समितीकडे जाण्यात वेळ घालवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार या समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि निर्णयाने समाधान झाले नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल निव्वळ पुनर्मूल्यांकनाचा किंवा गुण वाढवण्याचा अर्ज ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच ते त्यात लक्ष घालतात. ‘माझे गुण कमी दिले’ अशी तक्रार तिथे पहिल्याच पानावर संपते. ‘नोटीस, आदेश आणि सुनावणी यांपैकी काहीही न देता लागलेला निकाल काढून घेतला’ ही मात्र अनियमितताच आहे. तुमच्या पत्रात आणि तक्रारीत शब्द याच क्रमाने आले तर पुढे कोणालाही त्याचा निराळा अर्थ लावता येणार नाही.

उत्तर आले तर ते कसे वाचायचे तेही सांगतो. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या निर्णयानुसार निकाल रद्द करण्यात आला आहे’ हे उत्तर आहे, पण कारण नाही. कारण म्हणजे कोणत्या विषयात, कोणत्या तारखेला, काय आढळले, कोणी नोंदवले आणि कोणत्या नियमाखाली शिक्षा दिली हे कळेल असा मजकूर. तो लांबलचक असण्याची गरज नाही, दोन परिच्छेदही पुरतात. पण ज्या तारखेला निर्णय झाला त्या तारखेच्या कागदात तो असायला हवा. मूळ आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून भरून काढता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली मोहिंदरसिंग गिल यांच्या प्रकरणात मांडले आहे. त्यामुळे तुमच्या पत्रानंतरची तारीख असलेला ‘आदेश’ हाती आला तर तो जपून ठेवा आणि तारखांची विसंगती लगेच लेखी कळवा. सुनावणीचे पत्र आले तर अवश्य जा, मात्र कागद मिळाले नसतील तर ते आधी मागा आणि तुमचे म्हणणे लेखी दिल्याची पोच घ्या. तिथे तयार मजकुरावर सही मागितली तर पूर्ण वाचल्याशिवाय ती करू नका, आणि मजकूर मान्य नसेल तर सहीशेजारी तसे लिहा.

उच्च न्यायालयाचा मार्ग उघडा आहे. पुण्यासाठी तो मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातो, आणि प्रवेशाची तारीख आठ-दहा दिवसांवर आली असेल व पत्राला उत्तर नसेल तर समितीचे 15 दिवस संपण्याची वाट न पाहता वकिलांना कागद दाखवावेत. पण अपेक्षा माफक ठेवा. अशा याचिकेत जिंकलेल्या विद्यार्थ्याला बहुधा गुण मिळत नाहीत, आधीचा आदेश रद्द होतो आणि रीतसर नोटीस देऊन पुन्हा निर्णय घ्या असे विद्यापीठाला सांगितले जाते. परीक्षकाच्या मूल्यमापनात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. उत्तरपत्रिकेत खरोखर काही आक्षेपार्ह असेल तर नव्या सुनावणीत ते पुन्हा समोर येईल, म्हणून छायाप्रती हाती पडताच त्या स्वतः पानन् पान तपासा: हस्ताक्षर तुमचेच आहे का, पुरवण्यांची संख्या हजेरीपत्रकाशी जुळते का, प्रत्येक पानावरील बारकोड एकच आहे का आणि दुसऱ्याच कोणाची पुरवणी तुमच्या उत्तरपत्रिकेत अडकलेली तर नाही ना.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी त्या विभागाला वेगळा अर्ज द्या. त्यासोबत पहिल्या निकालाची साक्षांकित प्रत आणि शिक्का मारलेले पत्र जोडा आणि निर्णय होईपर्यंत तात्पुरता प्रवेश मागा. तो देणे विभागाच्या नियमांवर अवलंबून आहे, पण नाही म्हणायचे असल्यास लेखी द्या असा आग्रह धरा, कारण निकाल रद्द झाल्याने नुकसान नेमके काय झाले हे लोकपालांपुढे किंवा न्यायालयापुढे दाखवायला तोच नकार कामी येईल.